पोटातल्या बाळासाठी कविता लिहितेय, पण क्रियापदं अडवतायत (मदत हवी)

ऋतुजा_सिडको | सोमवार, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. वाचायला इथे रोज असते पण धागा पहिल्यांदाच काढतेय. मी नाशिकची, सिडकोत राहते, सातवा चालू आहे. पुढच्या रविवारी डोहाळजेवण आहे आणि सासूबाईंनी सगळ्यांना सांगून ठेवलंय की सून कविता म्हणणार आहे, कारण कॉलेजला असताना मी दोनचार कविता केल्या होत्या हे नवऱ्याने कधीतरी त्यांना सांगितलं. तर आता म्हणणं भाग आहे. कविता बाळाला उद्देशून आहे. लिहिलीय, पण अडकलेय आणि अडचण अशी आहे की कुणाला सांगितली तर हसतात.

मी सरळ लिहीत गेले, 'तू जागा झालास', 'तू आलास' वगैरे. धाकटी बहीण म्हणाली, ताई तुला कुणी सांगितलं मुलगा आहे? मला कुणीच सांगितलेलं नाही, हाताला सवय तशी. मग सगळं 'झालीस', 'आलीस' केलं तर आई म्हणाली आता सगळे विचारतील की कुठे जाऊन बघून आलात का. दोन्ही लिहून मध्ये तिरकी रेघ दिली तर ती कविता राहत नाही, बँकेचा फॉर्म होतो. इथे टाकते आहे तशीच, बघा.

बाळा,
तुला अजून नाव नाही.
फाईलवर माझंच नाव आहे
आणि तू माझ्या नावाआड झोपलास / झोपलीस.

रात्री अडीचला टाकी भरायला लागली
तू जागा झालास / जागी झालीस
बरगडीखाली एक लाथ मारलीस
जणू विचारलंस, कोण आलंय?

दुपारी उचकी लागली
मी पाणी प्यायले, तूही प्यायलास / प्यायलीस.

त्या दिवशी डॉक्टर काही बोलेनात
मी भिंतीवरचा बोर्ड चार वेळा वाचला
मला खूप भीती वाटली बाळा
अजूनही वाटते, काळोखासारखी.
मग आलास / आलीस तू, पत्र्यावर पाऊस येतो तसा / तशी.

द्राक्षाच्या वेलीला घड लागतो
तसा / तशी हळूहळू गोड होत जाशील
ये ना रे लवकर.

बोर्ड म्हणजे सोनोग्राफीच्या खोलीत असतो तो, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. आता तुम्हीच सांगा मुलगा मुलगी न ठरवता हे कसं लिहायचं.

मुक्तछंदी | मंगळवार, सकाळी ७:१५

छान आहे, टाकीचं तर फारच आवडलं. पण उगाच टेन्शन घेताय असं वाटतं. मराठीत 'तू' ला लिंग नसतंच, 'तो' 'ती' ला असतं. तुम्ही बाळाशी थेट बोलताय म्हणजे प्रश्न मुळातच सुटलेला आहे. आणि जिथे अडेल तिथे सरळ भविष्यकाळ टाका, तू येशील, तू हसशील, तू धावशील, तिथे मुलगा मुलगी काही कळत नाही. पूर्ण कविता भविष्यकाळात केली की झालं, तसंही जे यायचंय त्याच्याशीच बोलताय ना.

आरती_७९ | मंगळवार, सकाळी ९:०२

ऋतुजा, रात्री बाळ जास्त हलतं म्हणून घाबरू नकोस गं, माझ्या दोन्ही वेळी तसंच होतं. दिवसभर आपण चालतो फिरतो तेव्हा लक्ष जात नाही आणि रात्री आडवं पडलं की सगळं जाणवतं. उचकी पण नॉर्मल आहे, एका तालात टकटक होते तीच उचकी. फक्त नेहमीपेक्षा हलणं कमी वाटलं तर मात्र उद्या बघू असं करायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. कूस डावी ठेव.

ऋतुजा_सिडको | मंगळवार, सकाळी ९:३०

आरतीताई थँक्यू, पण मी हलण्याबद्दल विचारत नव्हते, हलणं लिहायचं कसं ते विचारत होते 🙂 तरी सांगितलंत ते बरं केलंत.

@मुक्तछंदी, 'तू' ला नसतं हे खरं पण क्रियापदाला असतं ना, तिथेच तर अडलंय. आणि भविष्यकाळात करून बघितली काल रात्री. 'तू लाथ मारशील' असं लिहिलं की ती लाथ गेलीच हो. ती त्या रात्री अडीचला खरंच बसली होती, तिचं पुढचं आश्वासन काय देऊ.

नाना_गंगापूररोड | मंगळवार, दुपारी १२:२०

तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण असा प्रश्न वर्गात कुणी विचारला नाही. विचारला असता तर तास चांगला गेला असता.

मुक्तछंदी अर्धं बरोबर बोलले. भविष्यकाळात दुसऱ्या पुरुषी एकवचनाला लिंग दिसत नाही, आज्ञार्थात दिसत नाही, 'आहेस' 'नाहीस' मध्ये दिसत नाही. 'तू यावंस' मध्येही नाही. पण ऋतुजाताई म्हणतात तेही खरं, घडून गेलेली गोष्ट भविष्यात ढकलली की कविता नुसती आशा होते, आणि ह्या कवितेचं बळ तर घडून गेलेल्या बारीक गोष्टींत आहे.

आता तुमची कविता नीट बघा. एक ओळ तुम्ही बिनधास्त लिहून गेलात आणि तिथे तिरकी रेघ द्यावी लागली नाही. 'बरगडीखाली एक लाथ मारलीस.' का नाही लागली? कारण 'मारलीस' मधली ई बाळाची नाही, लाथेची आहे. मुलानं लाथ मारली, मुलीनं लाथ मारली, क्रियापद लाथेमागे जातं. शेवटचा 'स' तेवढा बाळाचा. 'विचारलंस' तसंच. म्हणजे भूतकाळातही जिथे बाळ कशाला तरी काही करतं तिथे तुम्ही सुटलात. जिथे नुसतं येतं, झोपतं, हलतं, तिथे पकडल्या गेलात.

मुक्तछंदी | मंगळवार, दुपारी १२:४१

अरे हो की! मग सोप्पंय, सगळीकडे कर्म असलेली क्रियापदं वापरायची. नाना जिंदाबाद.

ऋतुजा_सिडको | मंगळवार, दुपारी १:०५

पण नाना, मग 'प्यायलास' चं काय? तिथे पाणी आहे की. मी म्हणून बघतेय, तू पाणी प्यायलं... तू पाणी प्यायलंस... काहीतरी चुकतंय कानाला.

नाना_गंगापूररोड | मंगळवार, दुपारी ४:१०

(जेवून झोपलो होतो.)

कान चांगला आहे तुमचा. पिणे हे फितूर क्रियापद आहे. कर्म समोर असूनसुद्धा ते कर्त्याच्या बाजूला उभं राहतं. असे अजून काही फितूर आहेत, शिकणे, विसरणे, बोलणे, जेवणे. 'ती धडा शिकली', 'तो धडा शिकला', धडा बिचारा तिथेच. त्यामुळे मुक्तछंदींचा नियम करू नका, ओळ तोंडाने म्हणून बघा, फितूर लगेच कळतो. पिण्याच्या ऐवजी चाखणे घेता येईल, 'थोडं पाणी तू चाखलंस'.

पण त्याहून चांगली वाट तुमच्याच कवितेत आहे. 'उचकी लागली.' आपल्याकडे माणूस उचकत नाही, त्याला उचकी लागते. भूक लागते, झोप येते, जाग येते, ठेच लागते, आठवण येते. ह्या सगळ्या गोष्टी बाहेरून येऊन माणसाला भेटतात आणि माणूस नुसता 'तुला' होऊन बसतो. 'तू जागा झालास' ऐवजी 'तुला जाग आली' म्हणा. रेघ गेली. मला तर वाटतं जाग आली हेच जास्त खरं, सात महिन्यांचं बाळ स्वतः काय जागं होणार, जागच त्याच्याकडे येत असेल.

ऋतुजा_सिडको | मंगळवार, दुपारी ४:३२

तुला जाग आली!!! किती वेळ डोकं फोडत होते मी. आणि उचकीचं असं करते, 'मी पाणी प्यायले आणि तुझी उचकी थांबली.' चाखणं नको, पिणंही नको. बाळाने काही केलंच नाही, मी पाणी प्यायले आणि तिकडे थांबली. तसंच झालं होतं खरं तर.

मालवणी_माणूस | मंगळवार, संध्याकाळी ६:५५

तुम्ही देशावरची माणसं एवढा घाम का गाळताय कळत नाही. नपुंसकलिंग कशाला ठेवलंय? बाळ ते बाळ. 'तू आलंस', 'तू झोपलंस', 'तू जागं झालंस'. विषय संपला.

आरती_७९ | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

मालवणी भाऊ बरोबर. मी माझ्या लेकीला ती तीन वर्षांची होईपर्यंत 'जेवलंस का' 'झोपलंस का' असंच म्हणायचे.

नाना_गंगापूररोड | मंगळवार, संध्याकाळी ७:४५

व्याकरणात पूर्ण बसतं, हरकत नाही. पण आरतीताई लेकीचं उदाहरण देतायत आणि मालवणी भाऊ, तुमच्याकडे 'चेडू' कुठल्या लिंगात?

मालवणी_माणूस | मंगळवार, रात्री ८:०१

नपुंसक. झील इलो, चेडू इला... हां. आलं लक्षात. म्हणजे माझ्या आजीने ही कविता ऐकली तर 'आलंस' म्हटल्याबरोबर ती मुलगीच समजेल. तरीपण नाशिकमध्ये कोण समजणार आहे तसं. मी म्हणतो ठेवा.

ऋतुजा_सिडको | मंगळवार, रात्री ८:२६

मला 'आलंस' म्हणताना थोडं कसंतरी होतं, खोटं बोबडं बोलल्यासारखं. तिसऱ्या माणसाला सांगताना मी बाळ हललं, बाळ झोपलं असंच म्हणते, पण त्याच्याशी बोलताना तोंडात येत नाही. बघू. सासूबाई मात्र सर्रास म्हणतात, पोटाला हात लावून 'काय रे, आज शांत बसलंस'. म्हणजे 'रे' पण आणि 'बसलंस' पण, एकाच वाक्यात.

नाना_गंगापूररोड | मंगळवार, रात्री ८:४०

बरी आठवण झाली. तुमच्या शेवटच्या ओळीत 'ये ना रे' आहे. सगळी क्रियापदं सोवळ्यात ठेवलीत आणि दारातून 'रे' आत आला. 'रे' मुलाचा, 'गं' मुलीचा. जुन्या कवितेत 'येसी', 'जासी', 'निजसी' अशी रूपं मिळतात ज्यांना लिंग नाही, तिथेसुद्धा पुढे 'रे' किंवा 'गे' लागलं की सगळं उघडं.

आरती_७९ | मंगळवार, रात्री ८:५८

छे छे नाना, हे नाही पटलं. 'काय रे बाळा' आपण मुलींनाही म्हणतो. माझे वडील मला आजही रे म्हणतात आणि मी पंचेचाळीशी पार केलीय.

नाना_गंगापूररोड | मंगळवार, रात्री ९:१०

म्हणतात, मीही नातीला म्हणतो. पण मुलीला लाडाने 'रे' म्हणतात तसं मुलाला लाडाने 'गं' कुणी म्हणताना ऐकलंय का? लाड एकाच दिशेने का जातो ह्याचा विचार मी पुष्कळ केला, उत्तर काही मिळालं नाही. असो, तो वेगळा धागा होईल.

निफाडकर | मंगळवार, रात्री १०:३०

नमस्कार. मला कवितेतलं काही कळत नाही, बायको वाचते इथे, तिने दाखवलं. पण शेवटी द्राक्षाचं लिहिलंय ते जरा चुकलंय म्हणून लिहितो, राग मानू नका. वेलीला घड लागतो आणि हळूहळू गोड होतो एवढंच लोकांना दिसतं, कारण शहरातली लोकं जानेवारी फेब्रुवारीत बाग बघायला येतात. घड त्याच्या फार आधी असतो.

आपल्याकडे वर्षात दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. माल येतो ऑक्टोबरनंतर, पण घड तयार होतो एप्रिलच्या छाटणीनंतर दीडदोन महिन्यात. नवीन काडी फुटते, तिच्या डोळ्यात घड बसतो. बाहेरून काहीच दिसत नाही, तपकिरी बोंड असतं हरभऱ्याएवढं, त्यापेक्षा बारीकच. पूर्ण पावसाळा घड त्या डोळ्यात झोपलेला असतो आणि आपण नुसती पानं सांभाळायची. ऑक्टोबरला छाटली की डोळा फुटतो आणि तेव्हा पहिल्यांदा कळतं घड आहे का नुसती बाळी आहे. बाळी म्हणजे वेलीचा तो तार असतो ना आधार धरणारा, तो. घडनिर्मितीच्या दिवसात ढगाळ राहिलं, ऊन कमी मिळालं की घडाची बाळी होते.

आता सप्टेंबर चालू आहे म्हणून आमच्याकडे काडी तपासणी सुरू आहे. बागेतून काड्या काढून लॅबला न्यायच्या, ते डोळा ब्लेडने कापतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगतात कितव्या डोळ्यात घड आहे, त्यावरून कुठे छाटायचं ते ठरतं. मी कालच सहा काड्या देऊन आलो. तुमचा तो बोर्डाचा विषय वाचला आणि हसू आलं, आमच्याकडे तपासणी केल्याशिवाय भागत नाही आणि तुमच्याकडे करायला बंदी.

ऋतुजा_सिडको | मंगळवार, रात्री ११:१५

दादा राग कसला, हे तर मला माहीतच नव्हतं आणि जन्म नाशकात गेला. डोळ्यात घड असतो!! मी घडाला बाळ म्हणत होते, आणि खरं बाळ तर डोळ्यात असतं. तो डोळा कापून बघितला की मग त्याचं काय होतं?

निफाडकर | मंगळवार, रात्री ११:२२

तो डोळा गेला. म्हणून तर सगळ्या नाही कापत, मोजक्या काड्या नेतात आणि बाकी बागेचा अंदाज बांधतात.

नाना_गंगापूररोड | बुधवार, सकाळी ६:३०

निफाडकर, तुम्हाला कवितेतलं काही कळत नाही हे पुन्हा म्हणू नका.

बोर्डाबद्दल एक सांगतो. तो बोर्ड केंद्राच्या १९९४ च्या कायद्यामुळे लागतो, पण महाराष्ट्राने त्याच्या आधी १९८८ लाच स्वतःचा कायदा केला होता, देशात पहिला. तेव्हा आमच्या शिक्षकखोलीत त्यावर भांडणं झालेली आठवतात, 'आधी कळलं तर बिघडलं काय' म्हणणारे चांगले शिकलेले लोक होते. म्हणून तुमच्या कवितेत बाळाला लिंग न देणं हे फक्त व्याकरणाचं कोडं आहे असं मला वाटत नाही.

आता ज्या कडव्याबद्दल कुणी बोललं नाही त्याबद्दल बोलतो, भीतीचं. 'डॉक्टर काही बोलेनात. मी भिंतीवरचा बोर्ड चार वेळा वाचला.' ह्या दोन ओळींत माझ्या पोटात गोळा आला. आणि लगेच तुम्ही म्हणालात 'मला खूप भीती वाटली, काळोखासारखी', की गोळा विरला. बाई समोरचा बोर्ड चार वेळा वाचतेय म्हणजे तिला काय झालंय हे वाचणाऱ्याला कळलं. पुन्हा भीती म्हणून नाव सांगितलंत की ती तुमची राहिली, आमची नाही झाली. आणि काळोख तर कुणाच्याही कवितेत सापडतो. त्या दोन ओळी काढा.

मुक्तछंदी | बुधवार, सकाळी ९:४०

मला नाही पटत. डोहाळजेवणात बायका ऐकणार आहेत, कवी संमेलन नाहीये. तिथे सरळ सांगितलेलं पोचतं. बोर्ड वाचला म्हणजे घाबरली हे पन्नासातल्या पाच जणींना कळेल. भीती हा शब्द हवाच.

आरती_७९ | बुधवार, सकाळी १०:०५

पन्नासच्या पन्नास जणींना कळेल. त्या खोलीत प्रत्येक जण तो बोर्ड वाचून आलेली असते. जेल लावून आडवं पडल्यावर दुसरं वाचायला असतंच काय.

माझा प्रश्न वेगळा आहे, ते कडवं डोहाळजेवणात म्हणायचंच का? सासूबाईंना अशुभ वाटलं तर?

निफाडकर | बुधवार, दुपारी १:५०

भीतीचं चाललंय म्हणून सांगतो. छाटणी झाल्यावर घड बाहेर दिसतो, आपण खुश होतो, आणि मग चारपाच दिवस ढग पाऊस लागला की दिसलेला घड बारीक होत जातो आणि नाहीसा होतो. त्याला आमच्याकडे घड जिरला म्हणतात. पडत नाही, सडत नाही, जिरतो. त्या दिवसात शेतकरी बागेत जातो आणि रोज तेच घड मोजतो. तुमचं बोर्ड वाचणं तसंच वाटलं मला.

आरती_७९ | बुधवार, दुपारी २:०३

अहो दादा, गरोदर बाईला असलं काय सांगताय! कृपया एडिट करा.

निफाडकर | बुधवार, दुपारी २:१०

चुकलं ताई. माफ करा. काढतो.

ऋतुजा_सिडको | बुधवार, दुपारी २:४५

काढू नका दादा.

सांगितलं नव्हतं आधी, मागच्या वर्षी एकदा नवव्या आठवड्यात झालं होतं माझं. तेव्हाही सोनोग्राफीतच कळलं, आणि तेव्हाही डॉक्टर आधी असंच काही बोलेनात. म्हणून ह्या वेळी बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीला त्या गप्प झाल्या तर मी बोर्ड वाचत बसले. त्या फक्त माप घेत होत्या, अर्धा मिनिट झाला असेल, नंतर आवाज लावला त्यांनी ठोक्यांचा. घरी मागच्या वेळचं कुणी बोलत नाही, बोलायचं तर 'तेव्हाचं ते' असं म्हणतात. तुमच्याकडे त्याला शब्द आहे हे वाचून उलट बरं वाटलं मला. कवितेत नाही घेणार तो, एवढी हिंमत नाही, पण माहीत झाला हे बरं झालं.

आरती_७९ | बुधवार, दुपारी ३:००

ऋतुजा 🙏 माझंही दोघींच्या मध्ये एक आहे. कुणाला सांगताना दोन्हीच वेळी म्हणते, वर पण तसंच लिहिलं बघ.

ऋतुजा_सिडको | गुरुवार, रात्री १:१२

झोप येत नाहीये त्यामुळे पूर्ण केली. नानांचं ऐकून भीती हा शब्द काढला. मालवणी भाऊ, आलंस नाही घेतलं, सॉरी.

बाळा,
तुला अजून नाव नाही.
फाईलवर माझंच नाव आहे
आणि तू त्या नावाच्या आड आहेस.

रात्री अडीचला टाकी भरायला लागली
तुला जाग आली.
बरगडीखाली एक लाथ मारलीस
जणू विचारलंस, कोण आलंय?
पाणी आलंय बाळा, झोप.

दुपारी उचकी लागली तुला.
मी पाणी प्यायले
आणि तुझी उचकी थांबली.
एवढंच जमतंय मला सध्या.

त्या दिवशी डॉक्टर काही बोलेनात.
मी भिंतीवरचा बोर्ड वाचला.
पुन्हा वाचला.
पुन्हा वाचला.
चौथ्यांदा वाचत होते
तेव्हा तुझा ठोका आला
पत्र्यावर पाऊस येतो तसा.

आमच्याकडे पावसाळाभर
घड डोळ्यात असतो,
माणसं पानं सांभाळतात.
मी काडी कापून बघणार नाही.
ढग आहेत थोडे, असू देत.
तू तुझ्या वेळेने ये.

मुक्तछंदी | गुरुवार, सकाळी ८:००

मान्य. भीती शब्दाची गरज नव्हती. 'एवढंच जमतंय मला सध्या' ही ओळ कुठून आली? ती तर कुणीच सुचवली नव्हती.

नाना_गंगापूररोड | गुरुवार, सकाळी ८:२५

एक शंका. 'आमच्याकडे पावसाळाभर घड डोळ्यात असतो' हे निफाडच्या बायकांना कळेल, सिडकोतल्या बायका 'डोळ्यात' म्हणजे माणसाच्या डोळ्यात समजतील. मला दोन्ही अर्थ आवडले, पण म्हणताना तिथे क्षणभर थांबा. आणि 'तुझ्या वेळेने ये' वर संपवलंत ते चांगलं, 'लवकर' गेलं. सातव्या महिन्यात लवकर नकोच.

आरती_७९ | गुरुवार, सकाळी ८:३१

हे मी पण म्हणणार होते, लवकर बोलायचं नाही 😄

मालवणी_माणूस | गुरुवार, सकाळी ११:००

सॉरी कसलं, चांगली झालीय. तरी माझं मत तेच आहे, आलंस हवं होतं कुठेतरी.

ऋतुजा_सिडको | पुढचा सोमवार, दुपारी १२:१०

अपडेट द्यायचं राहिलं. काल झालं डोहाळजेवण. कविता म्हटली पूर्ण, बोर्डाच्या कडव्यासकट. आदल्या रात्री सासूबाईंना वाचून दाखवली होती, त्या काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या तिसऱ्यांदा 'वाचला' म्हणू नकोस, दोनदा पुरे. मी तीनदाच म्हटलं. खोलीत कुणी हललं नाही त्या वेळी, माझी मोठी जाऊ हिरव्या बांगड्यांशी खेळत खाली बघत होती.

आणि मग शेवट. सगळं नीट जमत आलेलं, घड झाला, डोळ्यापाशी थांबले नाना तुम्ही सांगितलं तसं, ढग झाले, 'तू तुझ्या वेळेने ये' म्हटलं आणि बरोब्बर तेव्हाच आतून एक जोरात लाथ बसली. माझ्या तोंडातून निघून गेलं, 'अरे हो रे!'

झालं. सगळ्या एकदम ओरडल्या मुलगा मुलगा. समोर झाकलेल्या वाट्या ठेवल्या होत्या पेढा आणि बर्फीच्या, त्यातली मी उचलायच्या आधीच आत्यांनी पेढा वाटायला सुरुवात केली. आठवडाभर क्रियापदं धुवून पुसून ठेवली होती मी.

नाना_गंगापूररोड | सोमवार, दुपारी १२:३०

सांगितलं होतं, दारातून येतो तो.

आरती_७९ | सोमवार, दुपारी १२:४४

माझे वडील मला रे म्हणतात हे त्या आत्यांना सांग.

निफाडकर | सोमवार, रात्री ९:१५

झाली म्हणा काडी तपासणी. आमचा रिपोर्ट आला, चौथ्या पाचव्या डोळ्यात घड आहे. सात तारखेला छाटणी धरलीय, पाऊस उघडला तर.